१८ म्हणजेच २१? हो, असंही होतं!

दोस्ता, एक कोडं घालू?

समजा, घटक चाचणीचे पेपर आज हातात पडले. पेपर २५ गुणांचे. तुला विज्ञानात २१ मिळाले आणि गणितात १८. आता सांग पाहू, तुझी कामगिरी कशात जास्त चांगली झाली?

"हे काय कोडं आहे? विज्ञानात!" असंच म्हणशील ना?

थांब थांब! मी म्हटलं की दोन्ही विषयांत तू अगदी बरोबरीची बाजी मारलीस, तर? १८ आणि २१ सारखेच! विश्वास नाही बसत? मग चल माझ्याबरोबर मैदानावर. शाळेच्या मैदानावर! तिथे आपण गुणांना चक्क उभं करणार आहोत.

मैदानावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्कीने एक लांब रेघ ओढायची. तिच्यावर ० पासून २५ पर्यंत सारख्या अंतरावर खुणा करायच्या. आता ज्याला जितके गुण, त्याने त्या खुणेवर जाऊन उभं राहायचं.

तुझ्या गटात पाच जण आहेत असं धरू. विज्ञानात पाच जणांना मिळाले ९, १३, १५, १७ आणि २१. बघ, मुलं कशी ऐसपैस पांगली आहेत! आता तीच मुलं गणितासाठी उभी करू. गणितात मिळाले १२, १४, १५, १६ आणि १८. अरेच्चा! ही तर दाटीवाटीने उभी आहेत.

दोन्ही विषयांची सरासरी काढ पाहू. पाचही गुणांची बेरीज करायची आणि पाचाने भागायचं. विज्ञानाची बेरीज ७५, सरासरी १५. गणिताची बेरीज? तीही ७५! सरासरी पुन्हा १५.

सरासरी तीच, पण मैदानावरचं चित्र किती वेगळं! म्हणजे नुसती सरासरी कळून भागत नाही. मुलं किती पांगलीत, हेही कळायला हवं. हे पांगणं मोजायचं तरी कसं?

सोपं वाटतं, नाही का? प्रत्येकजण सरासरीपासून किती लांब आहे ते बघायचं आणि त्याची सरासरी काढायची. चल, गणिताचं करून बघू. १२ वाला सरासरीच्या ३ मागे, म्हणजे उणे ३. १४ वाला उणे १. १५ वाला शून्य. १६ वाला अधिक १. आणि तू, १८ वर, अधिक ३.

आता बेरीज कर. उणे ३, उणे १, शून्य, अधिक १, अधिक ३...

शून्य! सगळं मुसळ केरात! आणि गंमत सांगू? कुठलेही गुण घे, कितीही मुलं घे, ही बेरीज नेहमी शून्यच येते. सरासरी असतेच मुळी अशा जागी, जिथे पुढच्यांचं आणि मागच्यांचं अंतर एकमेकांना खाऊन टाकतं.

मग गणितज्ञांनी काय युक्ती केली असेल? ओळख!

त्यांनी प्रत्येक अंतराचा वर्ग केला. उणे ३ गुणिले उणे ३ किती? अधिक ९! उणे चिन्ह गायब! मग आपले वर्ग झाले ९, १, ०, १, ९. बेरीज २०. पाच जणांत भागली की ४. पण आपण सगळ्यांचे वर्ग करून बसलोय ना, म्हणून शेवटी वर्गमूळ काढून परत गुणांवर यायचं. ४ चं वर्गमूळ २.

हे जे २ आलं ना, त्याचं भारदस्त नाव आहे प्रमाण विचलन. आपण त्याला 'पाऊल' म्हणू. गणिताच्या मैदानावरचं एक पाऊल म्हणजे २ गुण.

विज्ञानाचं पाऊल तू काढ. अंतरं आहेत उणे ६, उणे २, ०, २, ६. वर्ग झाले ३६, ४, ०, ४, ३६. बेरीज ८०, पाचाने भागून १६, वर्गमूळ ४. विज्ञानाचं एक पाऊल ४ गुणांचं. गणिताच्या दुप्पट!

(एक गोष्ट आताच कानात सांगून ठेवते. घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये हे करून बघशील, तर गणिताचं उत्तर कधी २ येईल आणि कधी २.२४. गोंधळू नकोस! `STDEV.P` हे सूत्र वापरलं तर ते आपल्यासारखं पाचाने भागतं. `STDEV.S` मात्र एक कमी करून, म्हणजे चाराने भागतं. मोठ्या गटातली थोडीच मुलं निवडून सगळ्या गटाचा अंदाज बांधायचा असेल, तेव्हा ते दुसरं लागतं. आपला गट पाचच जणांचा, आणि पाचही जण मैदानावर हजर! म्हणून आपल्याला पहिलं.)

आता कोड्याकडे. गणितात तू सरासरीच्या ३ गुण पुढे. पाऊल २ चं. म्हणजे किती पावलं पुढे? ३ भागिले २, दीड पाऊल! विज्ञानात तू ६ गुण पुढे. पाऊल ४ चं. ६ भागिले ४ किती?

दीड पाऊल!

बघ! दोन्हीकडे अगदी दीड-दीड पाऊल पुढे! गणिताच्या मैदानावरचे १८ आणि विज्ञानाच्या मैदानावरचे २१ बरोबरीचे ठरले की नाही?

ही पावलांची संख्या म्हणजेच प्रमाण गुण. मोठी मुलं त्याला झेड-स्कोअर म्हणतात. काढायची रीत एका ओळीची आहे. आपल्या गुणांतून सरासरी वजा कर आणि जे उरेल त्याला प्रमाण विचलनाने भाग. उत्तर अधिक आलं तर सरासरीच्या पुढे, उणे आलं तर मागे, शून्य आलं तर बरोब्बर सरासरीवर.

आणि हिंदीतही तुला २१ च मिळाले असतील, तर? समजा, हिंदीचा पेपर सोपा होता. वर्गाची सरासरी २० आणि पाऊल २ चं. मग २१ म्हणजे फक्त अर्धं पाऊल पुढे! विज्ञानातले २१ दीड पावलाचे आणि हिंदीतले २१ अर्ध्या पावलाचे. प्रगतिपुस्तकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसून अगदी जुळ्या भावंडांसारखे दिसतात!

आता आपलं मैदान मोठं करू या. पाच मुलांनी काय होणार? हजारो मुलं हवीत! मग एक भारी गोष्ट दिसते. पण ती बघण्याआधी चार नाणी घेऊन ये.

आणलीस? एकदम उडव. किती छापे पडले?

चारही छापे पडायचे, तर चारही नाण्यांना एकदम छापाच द्यावा लागणार. असं व्हायचा प्रकार एकच. शून्य छापे, म्हणजे चारही काटे, याचाही प्रकार एकच. एकच छापा पडायचा असेल, तर तो पहिल्या नाण्याचा असेल, नाहीतर दुसऱ्याचा, तिसऱ्याचा किंवा चौथ्याचा. म्हणजे चार प्रकार. तीन छाप्यांचेही तसेच चार. आणि दोन छापे, दोन काटे? वहीवर मांडून बघ. सहा प्रकार निघतात!

१, ४, ६, ४, १. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतार. दहा नाणी घेतलीस तर उतार आणखीच सुरेख होतो. दहाही छापे पडायचा प्रकार एकच, पण पाच छाप्यांचे प्रकार तब्बल २५२! मधली गोष्ट घडायला वाटा खूप आणि टोकाची घडायला वाट एकच. म्हणून मध्ये गर्दी आणि टोकाला शुकशुकाट. यात जादू काही नाही, नुसती मोजदाद आहे.

अब्राहम द म्वाव्र नावाचे एक गणितज्ञ होते. जन्म फ्रान्सचा, पण पुढचं आयुष्य काढलं लंडनमध्ये. त्यांना प्रश्न पडला, नाणी शेकड्यांनी असतील तर एवढी मोजदाद करायची कुणी? मग १७३३ साली त्यांनी त्या उतारासाठी एक गुळगुळीत वळणदार रेषाच शोधून काढली. तोच हा प्रसामान्य वक्र! दिसायला थेट देवळातल्या घंटेसारखा, म्हणून घंटाकृती वक्रही म्हणतात.

आणि ऐक! हा वक्र चक्क नोटेवर छापला गेलाय! युरो येण्याआधी जर्मनीत मार्क हे चलन होतं. तिथल्या १० मार्कच्या नोटेवर गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांचं चित्र होतं, आणि शेजारी हा घंटेसारखा वक्र, तोही त्याच्या सूत्रासकट! खरेदीला निघालेल्या माणसाच्या खिशात गणिताचं सूत्र! मला तर ही नोट जगातली सगळ्यात देखणी नोट वाटते.

पण नाण्यांचा आणि आपल्या गुणांचा काय संबंध?

तुझे गुण कशाकशाने ठरतात, विचार कर. हा धडा नीट वाचला होता का? काल झोप झाली होती का? दुसऱ्या प्रश्नात हातचा विसरला का? शेवटचं गणित काल सोडवलेल्या गणितासारखंच निघालं का? अशा कितीतरी लहान लहान गोष्टी थोडे गुण वाढवतात, थोडे कमी करतात. सगळ्याच गोष्टी एकदम बाजूने पडणं म्हणजे दहाही छापे पडणं! क्वचितच होतं. बहुतेकांचं थोडं इकडे, थोडं तिकडे होतं आणि मध्ये गर्दी जमते. हजारो मुलांनी एकच नीट बेतलेला पेपर दिला, तर गुणांचा आकार बऱ्याचदा या घंटेच्या जवळ जातो.

चल, परत मैदानावर. या घंटेप्रमाणे १०० मुलं उभी करू. सरासरीपाशी एक रेघ मार. तिथून एकेका पावलावर आणखी रेघा मार, पुढे आणि मागे. आता प्रत्येक पट्ट्यात किती मुलं सापडतील?

सरासरीच्या लगेच पुढच्या पट्ट्यात ३४. त्याच्या पुढच्यात १४. आणि त्याही पलीकडे उरतात जेमतेम २! मागच्या बाजूलाही तसंच, ३४, १४, २. सगळी मिळून? १००! (हे आकडे मी पूर्णांकात बसवलेत. दशांश चिन्हापुढचे बारीक आकडे मोठेपणी भेटतील.)

विशेष म्हणजे पेपर गणिताचा असो की भूगोलाचा, २५ गुणांचा असो की २०० चा, आकार घंटेचा असला की पट्ट्यांतली मुलं हीच! ३४, १४, २. एवढे तीन आकडे लक्षात ठेवलेस की पुरे.

पुरे कशाला? पर्सेंटाइल काढायला! मराठी पुस्तकांत त्याला शततमक म्हणतात. शंभर मुलांची रांग केली, तर त्यातली किती तुझ्या मागे किंवा तुझ्या बरोबरीला उभी आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल.

समजा, तू बरोब्बर एक पाऊल पुढे आहेस. मागचे पट्टे मोज. २ आणि १४, झाले १६. अधिक ३४, झाले ५०. अधिक आणखी ३४, झाले ८४. तुझा पर्सेंटाइल ८४! दोन पावलं पुढे असशील तर आणखी १४ मिळवायचे, ९८. एक पाऊल मागे असशील तर १६.

आणि आपलं दीड पाऊल? "१४ चे निम्मे ७, म्हणून ९१!" असं म्हणणार होतास किंवा म्हणणार होतीस ना? जवळ आलं, पण नाही! त्या पट्ट्यातसुद्धा आतल्या बाजूला गर्दी जास्त आणि बाहेर विरळ. पहिल्या अर्ध्या पावलातच १४ पैकी ९ जण उभे असतात. म्हणून ८४ अधिक ९, म्हणजे ९३.

आता एक धमाल बघ. समजा, तोच गणिताचा पेपर तालुक्यातल्या २००० मुलांनी दिला. गुणांचा आकार घंटेसारखा आला, सरासरी १५ आणि पाऊल २ चंच निघालं. तुझे गुण १८. टक्के किती? २५ पैकी १८ म्हणजे ७२ टक्के. आणि पर्सेंटाइल? ९३!

७२ आणि ९३! दोन्ही आकडे तुझेच, दोन्ही खरे! टक्के सांगतात की तू पेपरातला किती भाग बरोबर सोडवलास. पर्सेंटाइल सांगतो की किती मुलं तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत. ७२ टक्क्यांत बाकीच्या मुलांचा पत्ताच नाही आणि ९३ पर्सेंटाइलमध्ये पेपराचा पत्ता नाही!

तुझी ताई किंवा दादा बारावीला असेल, तर घरात 'सीईटीचा पर्सेंटाइल' हे शब्द कानावर पडले असतील. आपल्या महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते. मुलं लाखांनी असतात. एवढे संगणक एकाच वेळी आणणार कुठून? म्हणून परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा जरा अवघड, एखादा जरा सोपा. मग सोमवारचे ११० गुण आणि बुधवारचे ११० गुण सारखे कसे मानायचे?

म्हणून प्रत्येक सत्राची रांग वेगळी लावतात! तुझ्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळालेले किती, ते मोजायचं. त्याला सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा, सत्रात २०,००० मुलं आणि त्यातली १८,६०० तुझ्याइतकी किंवा तुझ्या मागे. झाला पर्सेंटाइल ९३. निकालावर तो कसा छापतात माहितीये? ९३.०००००००! दशांश चिन्हापुढे सात आकडे! लाखो मुलांत एकसारखा पर्सेंटाइल फार जणांना येऊ नये म्हणून एवढी बारीक मोजणी.

इथे घंटा लागलीच नाही, बघितलंस? नुसती डोकी मोजली. पण एक गोष्ट मात्र धरून चालावं लागतं, की सगळ्या सत्रांतली मुलं साधारण सारख्याच तयारीची आहेत. हुशार मुलं सगळी एकाच सत्रात गेली, तर त्या सत्रातल्यांवर अन्याय होईल!

आणि या रीतीतली एक मजा सांगू? सत्रात जो पहिला येतो, त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण कुणाकुणाला? सगळ्यांना! म्हणून त्याचा पर्सेंटाइल १००. मग भले त्याची दहा उत्तरं चुकलेली असोत! १०० पर्सेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत. आणि काही चाचण्यांत 'बरोबरीचे' मोजतच नाहीत, फक्त मागचे मोजतात. मग आपल्या पाच जणांच्या गटात पहिल्या आलेल्याचा पर्सेंटाइल ८० च! म्हणून निकालपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात रीत दिलेली असते, ती आधी वाचायची.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ही मोठ्यांनासुद्धा चटकन लक्षात येत नाही!

समजा, १०० गुणांची परीक्षा आहे. सरासरी ५० आणि पाऊल १० गुणांचं. तुझा पर्सेंटाइल ५० आहे, म्हणजे तू ऐन गर्दीत आहेस. तुला ६० व्या पर्सेंटाइलवर जायचंय. किती गुण जास्त मिळवावे लागतील? दहा?

नाही! फक्त अडीच!

आणि ८९ व्या पर्सेंटाइलवरून ९९ व्यावर जायचं असेल, तर? तिथेही दहाच पायऱ्या. पण गुण लागतात जवळजवळ ११!

असं का? मैदान डोळ्यांसमोर आण. मध्ये इतकी दाटी आहे की तू जरासा पुढे सरकलास किंवा सरकलीस, की दहा मुलं मागे पडली. टोकाला मात्र मुलं दूर दूर उभी. तिथे दहा जणांना मागे टाकायचं तर लांब चालत जावं लागतं. पर्सेंटाइलच्या पायऱ्या कागदावर सारख्या दिसतात, पण गुणांत मोजल्या तर मध्ये चिमुकल्या आणि टोकाला भल्या मोठ्या!

म्हणूनच गेल्या वेळी ५२ पर्सेंटाइल आणि या वेळी ४५ आला, तर घरात गडबड उडवायचं कारण नाही. या परीक्षेत हा फरक जेमतेम दोन गुणांचा आहे. एखादा हातचा विसरला तरी एवढं होतं! पण ९९ चा ९२ झाला, तर तो नऊ गुणांचा फरक आहे. तिथे पेपर उघडून बघायला हवा. दोन्हीकडे घसरण सात पायऱ्यांचीच बरं का!

याच कारणाने दोन विषयांचे पर्सेंटाइल मिळवून त्यांची सरासरी काढू नये. पायऱ्या सारख्या नसताना त्यांची बेरीज कसली करायची? सरासरी काढायची तर पावलांची काढावी. पावलं सगळीकडे सारखी असतात.

फक्त पावलांत एक कटकट आहे. 'उणे ०.७' असा आकडा प्रगतिपुस्तकावर कुणाला आवडेल? म्हणून १९२२ साली विल्यम मॅकॉल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने टी-स्कोअर सुचवला. आज आपण तो असा काढतो. पावलांना १० ने गुणायचं आणि ५० मिळवायचे. तुझं दीड पाऊल झालं १५, अधिक ५०, म्हणजे ६५. उणे ०.७ झाला ४३. उणे गायब, दशांश गायब! कल चाचणीच्या किंवा अभिक्षमता चाचणीच्या अहवालात '६५' दिसले आणि शेजारी 'टी-स्कोअर' लिहिलेलं असलं, तर ते ६५ टक्के नव्हेत. ते दीड पाऊल पुढे आहे!

आता सावध राहायची एक जागा दाखवते. घंटा नेहमीच वाजते असं नाही!

समजा, पेपर फारच सोपा निघाला. २५ पैकी वर्गाची सरासरी २३ आणि पाऊल २ चं. चाळीस मुलांपैकी पंधरा जणांना पैकीच्या पैकी. आता तुलाही २५ मिळाले. किती पावलं पुढे? २५ वजा २३, भागिले २. एकच पाऊल! पट्टे मोजून म्हणशील, पर्सेंटाइल ८४. पण डोकी मोज. तुझ्या मागे फक्त २५ मुलं आणि तुझ्यासकट पंधरा जण एकाच खुणेवर चेंगरून उभी! फक्त मागचे मोजले तर पर्सेंटाइल साडेबासष्ट, बरोबरीचेही मोजले तर १००. ८४ कुठेच नाही!

काय झालं? मैदान संपलं! २५ च्या पुढे रेघच नाही. पुढे पळू शकणारी मुलंसुद्धा भिंतीला टेकून उभी राहिली.

हे ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. सरासरीत दोन पावलं मिळव. २३ अधिक ४ किती? २७. पण पेपर तर २५ चा! दोन पावलं पुढची जागाच मैदानाबाहेर पडली, म्हणजे घंटा इथे बसणार नाही हे नक्की. फार अवघड पेपर असेल तर उलट करून बघ. सरासरीतून दोन पावलं वजा केली आणि उत्तर शून्याच्या खाली गेलं, की समजावं, सगळे मागच्या भिंतीला टेकलेत. अशा वेळी पट्ट्यांचे आकडे बाजूला ठेवायचे आणि सरळ डोकी मोजायची.

वहीच्या चौकटीच्या पानावर हे मस्त बघता येतं. खाली गुण लिही आणि प्रत्येक मुलासाठी त्या गुणावर एक टिंब दे. टिंबांवर टिंबं चढली की डोंगर दिसायला लागतो. मध्ये उंच आहे की एका टोकाला, ते डोळ्यांनीच कळतं. कधी कधी दोन डोंगरसुद्धा निघतात! अर्ध्या वर्गाचा तो धडा शिकवला गेला त्या दिवशी गैरहजर असला, की असं होऊ शकतं. मग सरासरी येते दोन डोंगरांमधल्या दरीत, जिथे एकही मूल उभं नाही!

आता शेवटचं कोडं, आणि हे तू एकट्याने सोडवायचं. एकाच चाचणीचे दोन अहवाल आहेत. त्याच मुलांशी तुलना केलेली आहे आणि आकार छान घंटेसारखा आहे. एका मुलीच्या अहवालात लिहिलंय 'टी-स्कोअर ७०'. एका मुलाच्या अहवालात लिहिलंय 'पर्सेंटाइल ९३'. पुढे कोण?

९३ मोठा दिसतो, हो ना? पट्टे आठव आणि दोघांनाही पावलांत आण.

७० मधून ५० गेले, उरले २०, म्हणजे मुलगी दोन पावलं पुढे. मुलाचे ९३ म्हणजे आपलं ओळखीचं दीड पाऊल. मुलगी अर्धं पाऊल पुढे आहे! आता मुलाचा टी-स्कोअर आणि मुलीचा पर्सेंटाइल किती, तेही लिहून टाक. दोन्ही उत्तरं वरच कुठेतरी येऊन गेलीत!